उत्तर त्याचं, आवाज दुसऱ्याचा

*ताई, नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्यात राहतो, बँकेत नोकरी करतो आणि अधूनमधून लिहितो. शाळेच्या प्रश्नमंजूषेत उतरलेल्या सुमेध नावाच्या लाजऱ्या मुलावर एक कथा लिहिली आहे. त्याला इतिहास, रसायन, खेळ, भूगोल, सिनेमा अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या विषयांवर दहा प्रश्न येतात. तो आधी घाबरतो, मग एकेक उत्तर देत जातो आणि शेवटी ट्रॉफी जिंकतो. प्रश्न मी सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून निवडले. मित्राने वाचून सांगितलं, "ही कथा नाही, प्रश्नपत्रिका आहे." बायकोला शेवट खोटा वाटला. दोघांचंही पटतं, पण नेमकं काय बदलू ते कळत नाही. प्रश्न कमी करू, की एकाच विषयाचे ठेवू?*

एकाच विषयाचे अजिबात ठेवू नका. प्रश्न कुठूनही कुठेही उडी मारतात, ही प्रश्नमंजूषेची खरी गंमत आहे आणि लाजऱ्या मुलाची खरी अडचणही तीच आहे. एका विषयात तो तरला तर पुढच्या प्रश्नाला पुन्हा कोरा असतो. कमी मात्र करा. दहाचे पाच करा. आणि ते पाच निवडताना सामान्यज्ञानाचं पुस्तक मिटून ठेवा.

मी शाळेत शिकवत असताना बरीच वर्षं अशा स्पर्धांमध्ये फळ्यावर गुण लिहायला बसले आहे. गुण लिहिणाऱ्या बाईंना प्रश्न विचारायचे नसतात आणि उत्तरं द्यायची नसतात, त्यामुळे मुलांकडे बघायला भरपूर वेळ मिळतो. तिथे बसून एक गोष्ट पक्की कळली. लाजऱ्या मुलाला उत्तर येत नसतं असं फार कमी वेळा होतं. उत्तर येतं, पण ते डोक्यातून तोंडापर्यंत पोचत नाही. धीट मूल प्रश्न अर्धा वाचून व्हायच्या आतच बझर दाबतं, मग उत्तर शोधतं. लाजरं मूल प्रश्न पूर्ण ऐकतं, उत्तर ठरवतं, ते पुन्हा एकदा तपासतं, हात बझरपर्यंत नेतं आणि तोवर पलीकडच्या टेबलावर दिवा लागलेला असतो.

तुमच्या कथेत सुमेधची अडचण "येईल का, येईल का" अशी आहे. म्हणून दहाही प्रश्न एकाच वजनाचे झाले आणि मित्राला प्रश्नपत्रिका वाटली. वाचकाला सुमेधसाठी धडधड व्हायला हवी असेल, तर उत्तर त्याला येतंय हे वाचकाला आधीच कळू द्या. मग प्रत्येक प्रश्न कोणत्या विषयाचा आहे याला दुय्यम महत्त्व राहील. त्या प्रश्नाला सुमेधने शरीराने काय करायचं आहे, हे महत्त्वाचं होईल. कुजबुजायचं, बझर दाबायचा, उभं राहून बोलायचं, की नुसतं ऐकत बसायचं.

त्यासाठी स्पर्धेचे नियम पहिल्या पानावर चार ओळींत येऊ द्या. तुमच्या मसुद्यात नियमच नाहीत, प्रश्न हवेतून येतात. साधा नमुना घ्या: तिघांचा एक संघ. थेट प्रश्नाला दहा गुण, दुसऱ्या संघाकडून पास होऊन आलेल्याला पाच. बझर फेरीत बरोबरला दहा, चुकलं तर पाच वजा. आणि सगळ्यात कामाचा नियम म्हणजे संघात चर्चा चालेल, पण ग्राह्य फक्त कप्तानाचं उत्तर. हा नियम खऱ्या स्पर्धांमध्ये असतोच, आणि लाजऱ्या मुलाला तो वरदान वाटतो. बोलायची जबाबदारीच गेली! सुमेधने उत्तर कप्तानाच्या कानात सांगायचं, कप्तानाने छाती काढून म्हणायचं. उत्तर त्याचं, आवाज दुसऱ्याचा. त्याला हे सोयीचं वाटतं, आणि तुमची कथा याच सोयीवर उभी करता येईल.

आता पहिला प्रश्न रसायनाचा घ्या. प्रश्नकर्ते विचारतात, "एम-एन हे कोणत्या मूलद्रव्याचं चिन्ह?" नागपूरच्या मुलाला हे यायला हरकत नाही. मनसरच्या खाणी रामटेकच्या वाटेवर आहेत आणि मॉइल या खाणकंपनीचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे. सुमेध कप्तानाच्या कानाशी पुटपुटतो, "मँगनीज." सभागृहात पंखे खडखडतायत, मागच्या बाकांवर गलका आहे. कप्तान, त्याला आपण पियूष म्हणू, ठणकावून सांगतो, "मॅग्नेशियम!" घंटा वाजते. मॅग्नेशियमचं चिन्ह एम-जी. प्रश्न पास होऊन पुढच्या संघाकडे जातो, त्यांना पाच गुण मिळतात.

इथे पियूषला मूर्ख दाखवू नका. त्याने जे ऐकलं तेच सांगितलं. तो वळून एवढंच म्हणेल, "जोरात सांग ना बे, काय पुटपुटून राहिला!" आणि सुमेध मान हलवेल. त्याला येणारं उत्तर त्याच्याच आवाजापायी चुकलं, हे एका प्रश्नात वाचकाला कळतं. "सुमेध फार लाजाळू होता, कोणाशी बोलत नसे, मान खाली घालून चाले" असा जो अर्धा पानाचा परिच्छेद तुम्ही सुरुवातीला लिहिला आहे, तो मग काढून टाकता येईल. मन घट्ट करून काढा, त्यातली कुत्र्याला घाबरण्याची ओळ सोडली तर काही हरवत नाही.

दुसरा प्रश्न खेळाचा. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी किती? हा इतका सोपा आहे की पियूष कानात सांगायची वाटही बघत नाही, "बावीस यार्ड" म्हणून मोकळा होतो. दहा गुण. सुमेधला करायला काहीच नाही. पण याच वेळी त्याच्या डोक्यात काय चाललंय ते वाचकाला दाखवा. बावीस यार्ड म्हणजे सहासष्ट फूट. सहासष्ट फूट म्हणजे आजोबांच्या दोन साखळ्या.

हे आजोबा तुमच्या कथेत नाहीत, मी घालते आहे, कारण सुमेधला एक नजर हवी. विषय कितीही लांबचे असू देत, ते ज्या डोक्यात येतात ते डोकं एकच आहे, आणि त्या डोक्याला एखाद्या गोष्टीचं वेड असतं. सुमेधचे आजोबा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले असू द्या. आपल्याकडची मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा आणे. तेहेतीस बाय तेहेतीसचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. असल्या घरात वाढलेला मुलगा क्रिकेट बघतानाही मनात साखळी टाकतो. प्रश्नकर्त्यांसाठी हा खेळाचा प्रश्न आहे, सुमेधसाठी मोजणीचा. विषयांचे तुकडे त्याच्या डोक्यात असे जोडले जातात, आणि ही जोडणी ज्याला दिसते त्या वाचकाला मग प्रश्नपत्रिका वाटत नाही.

मात्र इथे एक खबरदारी घ्या. प्रत्येक प्रश्न आजोबांच्या साखळीला येऊन लागला तर वाचक ओळखेल की तुम्ही पत्ते लावून ठेवले आहेत. म्हणून तिसरा प्रश्न असा हवा जो सुमेधला अजिबात येत नाही, आजोबांनाही आला नसता. जुन्या सिनेमाचा घ्या, संगीताचा घ्या. तो प्रश्न संघातली तिसरी मुलगी सोडवते, आणि सुमेधला तिचं खरंखुरं कौतुक वाटतं. चार ओळी पुरेत. तुमच्या मसुद्यात बाकीचे दोघे नुसते खुर्च्यांवर बसवले आहेत. त्यांना एकेक प्रश्न द्या, म्हणजे ती माणसं होतील.

चौथा प्रश्न दुसऱ्या संघाला जातो: भारताची प्रमाणवेळ कोणत्या रेखावृत्तावरून धरतात? ते बरोबर सांगतात, ८२°३०′ पूर्व. टाळ्या पडतात, फळ्यावर दहा गुण लागतात, पुढे चला. वाचकाला वाटेल हा भरतीचा प्रश्न आहे. वाटू द्या. सुमेधने तो आकडा ऐकलेला असणं आपल्याला पुढे लागणार आहे.

आता पाचवा, शेवटचा. त्याला मी सर्वांत जास्त जागा देईन, निम्मी कथा तिथे गेली तरी चालेल. प्रश्न असा: "भारताचा भौगोलिक मध्यबिंदू कोणत्या शहरात आहे?"

नागपूरच्या सभागृहात हा प्रश्न विचारला तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. प्रश्न संपायच्या आत पियूष बझर दाबेल, "नागपूर!" म्हणेल, प्रश्नकर्ते हातातलं कार्ड बघून "अगदी बरोबर" म्हणतील आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवेल. देशाचा मध्य म्हणून ओळखला जाणारा झिरो माइलचा दगड आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची जागा. सुमेधचा संघ पाच गुणांनी पुढे जातो. ट्रॉफी त्यांचीच.

आणि सुमेधला माहीत आहे की हे उत्तर बरोबर नाही.

त्याला कसं माहीत, हे तुम्हालाही नीट माहीत असायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. भूगोलाच्या पुस्तकात भारताच्या मुख्य भूमीचा विस्तार दिलेला असतो: उत्तर अक्षांश ८°४′ ते ३७°६′, पूर्व रेखांश ६८°७′ ते ९७°२५′. मुलं तो पाठ करतात आणि विसरतात. मोजणीवाल्याचा नातू त्याची सरासरी काढतो. ८°४′ आणि ३७°६′ मिळून ४५°१०′, त्याचं निम्मं २२°३५′. ६८°७′ आणि ९७°२५′ मिळून १६५°३२′, निम्मं ८२°४६′. नागपूर साधारण २१°९′ उत्तर आणि ७९°५′ पूर्व आहे. म्हणजे टोकाटोकांची सरासरी धरली तर मध्य इथून सुमारे चारशे किलोमीटर ईशान्येला, छत्तीसगडात कोरब्याच्या आसपास पडतो. आणि ८२°४६′ हे मघाच्या ८२°३०′ च्या किती जवळ आहे बघा. देशाचं घड्याळ ज्या रेषेवर लावलं आहे ती देशाच्या मधून जाणारी असणार, हे उघडच आहे. चौथा प्रश्न ऐकताना सुमेधच्या डोक्यात हे लखकन जुळलेलं असतं. म्हणून पाचव्याला तो चुकीचं उत्तर मुकाट्याने गिळू शकत नाही.

मग झिरो माइलचा दगड कशाचा? तो मोजणीचाच आहे. देशभर त्रिकोणामागून त्रिकोण जोडत जी महात्रिकोणमितीय मोजणी झाली, तिच्याशी त्या दगडाचं नातं आहे. खांबावर दूरदूरच्या गावांची नावं आणि मैल कोरलेले आहेत. ती मोजणी १८०२ मध्ये मद्रासकडून सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन नागपूरकडे येत असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. आजोबा सुमेधला कधीतरी त्याची कबर दाखवायला घेऊन गेलेले असू द्या. त्यावर एक वाक्य लिहा, परिच्छेद नको. तुम्हाला मोह होईल, मलाही होतो, पण ती वेगळी कथा आहे.

नागपूर मध्य असल्याची समजूत निव्वळ हवेतली मात्र नाही, आणि सुमेधला हेही ठाऊक असावं. फाळणीआधीचा भारत धरला, ब्रह्मदेश सोडून, तर पश्चिमेचं टोक बलुचिस्तानात, सुमारे ६१° वर जातं. ६१ आणि ९७ ची सरासरी ७९ येते. नागपूरचंच रेखांश! तेव्हा सुमेधने "नागपूर खोटं आहे" असं म्हणू नये. त्याचं म्हणणं इतकंच असावं की आजचा भारत धरला तर हे उत्तर या पद्धतीने येत नाही. पद्धतीही एकाहून जास्त आहेत. पुठ्ठ्याचा नकाशा कापून तो टाचणीवर तोलला तर तोलाचा बिंदू थोडा निराळा येईल. शिवाय एखादे भूगोलाचे शिक्षक उठून विचारतील, "इंदिरा पॉइंट धरलास का?" निकोबारमधलं ते देशाचं सगळ्यात दक्षिणेचं टोक ६°४५′ वर आहे. तो धरला तर अक्षांशाचं निम्मं २१°५५′ होतं, जरा नागपूरकडे सरकतं, पण रेखांश जागचं हलत नाही. चुकीच्या प्रश्नावर वाद कसा होतो ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. "आमचं उत्तर बरोबर" असं ओरडणाऱ्याला परीक्षक बसवतात. जो म्हणतो "प्रश्नाचे शब्द अपुरे आहेत", त्याच्यापाशी ते थांबतात. मग योग्य निर्णय एकच, प्रश्न रद्द आणि त्या जागी दुसरा प्रश्न.

आता सुमेधची कोंडी बघा. बोललं नाही तर काहीच बिघडत नाही, उलट ट्रॉफी मिळते. बोललं तर स्वतःच्या संघाचे दहा गुण जातात, पियूष चिडतो, आणि नागपुरात उभं राहून नागपूरकरांना सांगावं लागतं की मध्य इथे नाही. मघा मँगनीज म्हणायला ज्याचा आवाज फुटला नाही, त्याला हे सांगायचं आहे. तुमच्या पहिल्या मसुद्यात त्याच्यासमोर असं काही नव्हतंच. त्याला फक्त उत्तरं द्यायची होती आणि ती त्याला येत होती. शेवट खोटा वाटला तो म्हणून.

तो बोलेल कसा? माझं मत असं की त्याला बोलायला लावू नका. दहा मिनिटांत लाजणं जातं असं मी एकाही मुलात पाहिलेलं नाही, आणि पान उलटताच तो खणखणीत भाषण करू लागला तर वहिनी पुन्हा तेच म्हणतील. पण लाजरी मुलं वाट काढतात. माझ्या वर्गातला एक मुलगा शंका विचारायची झाली की वही आणून माझ्या टेबलावर उघडी ठेवायचा आणि बाजूला उभा राहायचा, अवाक्षर न बोलता. तसं काहीतरी करा. सभागृहात फळा आहेच, गुण लिहायचा. टाळ्या चालू असताना सुमेध खुर्चीवरून उठतो. पियूष म्हणतो, "कुठे चालला बे?" तो फळ्यापाशी जातो, खडू उचलतो आणि गुणांच्या तक्त्याशेजारी उरलेल्या जागेत बेरीज मांडायला लागतो. वर अक्षांश, खाली रेखांश. हात थरथरतो, अंशाची टिंबं मोठी पडतात. टाळ्या एका बाजूने विरायला लागतात. ही सगळी क्रिया हळू लिहा. अंक न् अंक लिहिला तरी चालेल, कारण वाचक आता त्याच्याबरोबर बेरीज करतो आहे.

परीक्षक पुढे वाकून फळ्याकडे बघतात. एखादे गुरुजी इंदिरा पॉइंटचं विचारतात, सुमेध उत्तर न देता त्या बेरजेखाली दुसरी बेरीज मांडतो. प्रश्नकर्ते कार्ड उलटंपालटं करतात. परीक्षक कुजबुजतात आणि सांगतात की हा प्रश्न रद्द, दहा गुण मागे, नवा प्रश्न घेऊ. पियूषचा चेहरा एका ओळीत दाखवा. त्याला राग आलेला असू द्या, लगेच मिठी वगैरे नको.

नवा प्रश्न कोणता, तो कोण सोडवतं, ट्रॉफी कोणाला जाते, यातलं काही मी लिहिणार नाही. तुमचं शेवटचं दीड पान, टाळ्यांचा कडकडाट आणि आईच्या डोळ्यांतलं पाणी, ते सगळं काढा. तुमची कथा फळ्यापाशीच थांबवा. गुण लिहिणाऱ्या बाई डस्टर घेऊन उठल्या आहेत. त्यांना वजा केलेले दहा गुण लिहायचे आहेत आणि फळ्यावर जागा उरलेली नाही. त्या विचारतात, "बाळा, हे पुसू का?"

आणि सुमेध म्हणतो, "नका." पियूषच्या कानात नाही, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. पूर्ण कथेत तो मोठ्याने बोललेला हा एकच शब्द ठेवा, आणि आधी कुठे चुकून त्याच्या तोंडी दुसरा मोठ्याने आला असेल तर शोधून खोडा.